शंकूतला सर्वांत मोठा गोल: त्रिज्या काढताना या चुका टाळा

शंकूत मावणारा सर्वांत मोठा गोल शंकूच्या तळाला आणि तिरकस पृष्ठाला स्पर्श करतो. शंकू अक्षातून उभा कापला की समद्विभुज त्रिकोण मिळतो आणि गोलाच्या जागी त्या त्रिकोणाचे अंतर्वर्तुळ दिसते. म्हणून गोलाची त्रिज्या म्हणजे याच अंतर्वर्तुळाची त्रिज्या. इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर असते. चूक होते ती त्रिकोण निवडताना.

तळाची त्रिज्या 5 सेमी आणि उंची 12 सेमी असलेला शंकू घेऊ. पायथागोरसने तिरकस उंची 13 येते. त्यासाठी 5, 12, 13 बाजूंचा काटकोन त्रिकोण काढलेला असतोच, आणि पुष्कळ जण त्याचीच अंतर्त्रिज्या काढून मोकळे होतात: (5 + 12 − 13)/2 = 2. पण हा अर्धाच छेद आहे. त्यातले वर्तुळ शंकूच्या अक्षालाही टेकते, म्हणजे ते अक्षाच्या एका बाजूला अडकून पडते. गोलाचे केंद्र मात्र अक्षावरच हवे. उत्तर अपेक्षेपेक्षा बरेच लहान आले, तर आधी इथेच पाहा.

पूर्ण छेदाच्या बाजू 13, 13 आणि 10. पाया 5 नव्हे, 10; शंकूची त्रिज्या म्हणजे पायाचा निम्मा भाग. क्षेत्रफळ ½ × 10 × 12 = 60, अर्धपरिमिती 18, म्हणून

r = 60/18 = 10/3 सेमी.

अक्षरांत मांडले, तर r = Rh/(R + l). भाजकात l ही तिरकस उंची. तिथे h घालू नका.

दुसरी चूक जरा फसवी आहे. समभुज त्रिकोणात अंतर्त्रिज्या उंचीच्या एक तृतीयांश असते, आणि तेच सगळीकडे लावले जाते. आपल्या शंकूत त्याने 4 येईल. मग केंद्र तळापासून 4 वर आणि शिरोबिंदूपासून 8 वर. तिथून तिरकस बाजूपर्यंतचे लंब अंतर 8 × 5/13, म्हणजे सुमारे 3.08. गोलाची त्रिज्या 4, तर तो भिंतीतून बाहेर येतो. h/3 चालते ते फक्त l = 2R असताना.

उत्तर तपासायची माझी आवडती रीत स्पर्शिकाखंडांची आहे. तळाच्या कडेवरच्या बिंदूपासून पायाच्या मध्यापर्यंतचा स्पर्शिकाखंड 5, म्हणून तिरकस बाजूवरचाही 5. शिरोबिंदूपासून स्पर्शबिंदू 13 − 5 = 8 वर, आणि केंद्र 12 − 10/3 = 26/3 वर. आता (10/3)² + 8² = 676/9 = (26/3)². जुळले! चुकीच्या 2 साठी हेच करून पाहा: 4 + 64 = 68, आणि 10² = 100.

हे सारे सरळ, वरून-खालून बंद शंकूसाठी आहे. तिरप्या शंकूत अक्षातून जाणारे सगळे छेद सारखे नसतात, त्यामुळे एका छेदावरून उत्तर मिळत नाही. शंकूचे टोक कापलेले असेल, तर आधी गोलाचा व्यास 20/3 उरलेल्या उंचीत बसतो का ते पाहावे लागते. बसत नसेल, तर त्रिज्या उरलेल्या उंचीच्या निम्म्यावरच थांबते.