फ्री किक वळत नाही? या चुका टाळा

फुटबॉलमध्ये फ्री किक वळवायला शिकणाऱ्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते. चेंडू जोरात जातो, पण सरळ जातो. मग पुढच्या किकला ते पाय आणखी जोरात फिरवतात आणि चेंडू आणखी सरळ जातो. इथे ताकद कमी पडत नसते, पाय चेंडूला चुकीच्या जागी लागत असतो.

खालचं सगळं उजव्या पायाने, पायाच्या आतल्या बाजूने मारलेल्या किकबद्दल आहे. हा चेंडू उजवीकडून डावीकडे वळतो. डाव्या पायाने मारणाऱ्यांनी दिशा उलट्या धराव्यात.

चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो. बरोबर मध्यावर मारलं की सगळा जोर त्याला पुढे ढकलण्यात जातो, तो स्वतःभोवती फिरत नाही. तो फिरलाच नाही, तर हवा त्याला बाजूला ढकलणार कशी? म्हणून मागून पाहताना मध्यापासून साधारण तीन बोटं उजवीकडे आणि एक-दोन बोटं खाली मारा. पायाची जागा म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जे टणक हाड लागतं ते. घोट्याजवळचा सपाट भाग लागला तर पास जातो, बोटं लागली तर चेंडू कुठेही जातो. घोटा घट्ट आणि चवडा थोडा बाहेर वळलेला हवा.

उलट चूकही होते. काही जण चेंडूच्या अगदी कडेला घासतात. चेंडू भरपूर गिरक्या घेतो, पण वेग मरतो आणि तो अलगद गोलकीपरच्या हातात जाऊन बसतो. नेमकं काय होतंय हे डोळ्यांनी कळत नसेल, तर चेंडूच्या मागच्या बाजूला खडूची पूड लावा, एक किक मारा आणि बुटावर डाग कुठे उमटला ते पाहा. मी शिकवताना सर्वात आधी हेच करून घेतो, कारण खेळाडूला वाटतं एक आणि बूट दाखवतो दुसरंच.

आता जोराबद्दल. समजा, फ्री किक गोलपासून २२ मीटरवर आहे. समोरच्या संघाच्या खेळाडूंची भिंत चेंडूपासून ९.१५ मीटरवर उभी असते आणि उडी मारणाऱ्या खेळाडूंच्या डोक्यावरून जायला तिथे चेंडू सुमारे २.३ मीटर उंच हवा. क्रॉसबार २.४४ मीटरवर. हवेचा परिणाम बाजूला ठेवून ढोबळ हिशेब करू. चेंडूचा पुढे जाण्याचा वेग सेकंदाला ३० मीटर असेल, तर भिंतीवरून निसटलेला चेंडू गोलरेषेवर जवळजवळ ४ मीटर उंच असतो. तोच वेग २० मीटर असेल, तर तो सुमारे २.१ मीटरवर येतो, म्हणजे बारच्या खाली. जोरात मारलेल्या चेंडूला खाली यायला वेळच मिळत नाही. प्रत्यक्षात हवेचा अडथळा आणि फिरकी यांमुळे आकडे बदलतात, पण भिंत ओलांडून बारवरून जाणाऱ्या किकचं पहिलं कारण शोधायचं ते इथेच.

दुसरं कारण शरीराचा कल. चेंडू उचलायचा म्हणून खेळाडू पाठ मागे टाकतात. मागे झुकलात की पाय चेंडूच्या फार खाली शिरतो. कल मागे नको, डावीकडे हवा, टेकलेल्या पायाच्या बाजूला. त्यासाठी धाव सरळ न घेता साधारण ४५ अंशांतून, डावीकडून घ्या. डावा पाय चेंडूच्या बाजूला, एखादी वीत अंतर सोडून टेकवा. तो चेंडूला चिकटला तर उजव्या पायाला वळायला जागाच उरत नाही आणि पुन्हा मध्यावरच फटका बसतो. किक मारल्यावर तोल मागे जाऊन टाचेवर येत असाल, तर समजा की पाठ मागे गेली होती.

फॉलो-थ्रू, म्हणजे फटक्यानंतर पाय जसा पुढे जातो त्याबद्दल एक गैरसमज आहे. पाय शेवटी जास्त फिरवला की चेंडू जास्त वळतो, असं मानलं जातं. पाय आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागापुरताच असतो. नंतर पाय कुठेही गेला तरी चेंडूला त्याचा पत्ता नसतो. फॉलो-थ्रूकडे पाहायचं ते आधी पाय कसा फिरला होता हे कळावं म्हणून. पाय शरीरासमोरून तिरका डावीकडे गेला, तर तो बरोबर फिरला होता. सरळ गोलच्या दिशेने गेला, तर तुम्ही पास दिलात. स्पर्शानंतर लगेच थांबला, तर घाबरून पाय आखडलात, आणि अशा वेळी चेंडूला वेग आणि फिरकी दोन्ही कमी मिळतात.

एक चूक मात्र तंत्र जमल्यावर होते. चेंडू वळू लागतो, पण खेळाडू अजूनही थेट कोपऱ्यावर नेम धरतो. मग चेंडू पोस्टच्या डाव्या बाजूने बाहेर जातो. डाव्या कोपऱ्यात टाकायचा असेल तर नेम त्याच्या उजवीकडे हवा. किती, हे तुमच्या फिरकीवर ठरतं. भिंत न लावता दहा किक एकाच जागी नेम धरून मारा, चेंडू त्या जागेपासून किती डावीकडे पडतो ते मोजा, आणि तेवढं अंतर उजवीकडे सरकून नेम धरा.