लर्निंगच्या परीक्षेआधी हेल्मेटचा पट्टा तपासा

माझ्या भाचीने मे महिन्यात बर्डीवर हेल्मेट घेतलं, तेव्हा तिच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला होता. नागपूरच्या उन्हात तो कोण सोडेल? दुकानात हेल्मेट घट्ट बसलं. घरी दुपट्टा काढून घातलं, पट्टा लावला, आणि मी मागची खालची कड धरून वर-पुढे ढकलली, तर अख्खं हेल्मेट कपाळावरून पुढे निसटलं. म्हणून पहिली तयारी हीच: दुपट्ट्याशिवाय, पट्टा लावून, दुसऱ्या कोणाकडून मागून ढकलून घ्या. निसटलं तर लहान साईझ घ्या. उन्हासाठी आत पातळ सुती टोपी पुरते.

पट्टा हनुवटीखाली इतका हवा की एक-दोन बोटं जेमतेम जातील. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. दोन कड्यांचा पट्टा असेल तर तो आधी दोन्ही कड्यांतून काढा, मग वळवून वरच्या कडीवरून नेऊन फक्त खालच्या कडीतून ओढा. टोकाचं बटण पट्टा फडफडू नये म्हणून असतं. अनेक जण नुसतं तेवढंच लावतात आणि पट्टा लागला असं समजतात, पण तो लागलेलाच नसतो. दातेरी पट्टीचं बकल असेल तर आवाज आल्यावर एकदा हिसका द्या. दातांत धूळ साचली की ते अर्धवटच अडकतं.

आयएसआय चिन्हाबरोबर CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. तो BIS Care ॲपवर टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. ते हेल्मेटवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. जोरात आदळलेलं हेल्मेट बदला, कारण आतलं थर्माकोल दबलं की परत फुगत नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही.

काचेवरची धूळ कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. ओलं मऊ कापड पाच मिनिटं काचेवर ठेवा, मग सौम्य साबणाच्या पाण्याने अलगद धुवा. पेट्रोल किंवा थिनरने तिच्यावरचा लेप जातो. ओरखडे पडलेल्या काचेतून रात्री समोरच्या दिव्याचा झोत पसरून दिसतो. अशी काच बदला, आणि काळी काच रात्री वापरू नका.

आता परीक्षेतले प्रश्न. हेल्मेट कोणी घालायचं? चालवणाऱ्यानेही आणि मागे बसणाऱ्यानेही. नियम कोणत्या कलमात आहे? मोटार वाहन कायद्याचं कलम 129. शीख धर्माच्या पगडीधारी व्यक्तींना त्यातून सूट आहे. दंड किती? कलम 194D प्रमाणे 1000 रुपये, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. आणि पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट चालतं का, असं विचारलं तर उत्तर ‘नाही’, कारण कलम 129 मध्येच पट्ट्याने घट्ट बांधलेलं हेल्मेट म्हटलं आहे. भाचीला मी ही उत्तरं तीन वेळा तोंडाने म्हणायला लावली आणि चौथ्या वेळी पट्टा लावून.