दहा छेदनबिंदूंतून खरे कोपरे कसे निवडावेत

मर्यादा पाळून जास्तीत जास्त नफा काढायचा, अशा रेषीय प्रायोजनाच्या गणितात उत्तर मर्यादांनी बंदिस्त केलेल्या क्षेत्राच्या कोपऱ्यावर सापडतं. त्यासाठी आलेख कागदावर रेषा काढायच्या, शेड केलेल्या भागाचे कोपरे डोळ्यांनी वाचायचे आणि नफ्याच्या सूत्रात टाकायचे, अशी पद्धत क्लासच्या नोट्समध्ये सर्रास दिलेली असते. दोनच मर्यादा असतील तर ती चालते. तिसरी मर्यादा आली की ती फसवते, आणि फसवली आहे हे उत्तरावरून कळतही नाही. म्हणून कोपरे गणिताने काढावेत आणि गणितानेच गाळावेत. आलेख फक्त ताडून पाहण्यासाठी ठेवावा.

उदाहरण निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं घेऊ. १० एकर जमिनीत खरिपाचा लाल कांदा आणि टोमॅटो लावायचा आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नयेत. कांद्याचे एकर x, टोमॅटोचे एकर y.

जमीन: x + y ≤ १०

मजुरी: कांद्याला एकरी ४० मजूर-दिवस, टोमॅटोला ८०, हाताशी एकूण ६४०. म्हणजे ४०x + ८०y ≤ ६४०

भांडवल: कांद्याला एकरी ६० हजार, टोमॅटोला बांबू-तार-सुतळीसकट १५० हजार, हाताशी १०५० हजार. म्हणजे ६०x + १५०y ≤ १०५०

रोप: दोन एकरांचं कांद्याचं रोप आधीच तयार आहे, ते वाया घालवायचं नाही. म्हणजे x ≥ २

शिवाय y ≥ ०, म्हणजे x-अक्षाची रेषा; पुढे तिला नुसतं अक्ष म्हणू. एकर उणे असू शकत नाही हे उघड आहे, पण कागदावर लिहिलं नाही तर हीच रेषा हमखास विसरली जाते. x ≥ ० वेगळं लिहायची गरज नाही, कारण x ≥ २ मध्ये ते आलंच.

नफा कांद्याला एकरी ५० हजार, टोमॅटोला ८० हजार. हे सूत्र सगळ्यात शेवटी लागेल, तोवर त्याकडे पाहू नका.

मर्यादांच्या रेषा करा

प्रत्येक ठिकाणी ≤ किंवा ≥ काढून = लिहा, आणि सामाईक अवयवाने भागून आकडे लहान करा. मजुरीची रेषा x + २y = १६ होते, भांडवलाची २x + ५y = ३५. भागताना उजवी बाजूही भागायची. ही चूक क्षुल्लक वाटते, पण मधल्या चुकांमध्ये सर्वाधिक वेळा हीच सापडते.

जोड्या मोजा, मगच सोडवा

रेषा पाच आहेत, म्हणून जोड्या ५ × ४ ÷ २ = १०. हा आकडा आधी वहीत लिहून ठेवा. सहा रेषा असत्या तर १५. जोड्या मोजल्या नाहीत तर एखादी निसटते, आणि निसटणारी बहुतेक वेळा अक्षाबरोबरचीच असते.

जोडी सोडवणं

ज्या जोडीत x = २ किंवा y = ० आहे, तिथे किंमत थेट दुसऱ्या समीकरणात घाला. अशा जोड्या सात आहेत. उरलेल्या तिन्हींसाठी निरसनापेक्षा दहावीतली क्रेमरची पद्धत घ्यावी. जमीन आणि भांडवल ही जोडी पाहा:

x + y = १०
२x + ५y = ३५

D = १×५ − २×१ = ३
Dx = १०×५ − ३५×१ = १५
Dy = १×३५ − २×१० = १५

x = १५÷३ = ५, y = १५÷३ = ५.

क्रेमरचा फायदा असा की D आधीच शून्य आला तर तिथेच थांबायचं. त्या दोन रेषा समांतर असतात (किंवा एकमेकींवरच असतात), आणि त्या जोडीला स्वतःचा कोपरा नसतो. समजा टोमॅटोला एकरी ८० ऐवजी १०० मजूर-दिवस लागले असते, तर मजुरीची रेषा २x + ५y = ३२ झाली असती आणि भांडवलाच्या रेषेला समांतर गेली असती. निरसन करणारा अशा ठिकाणी ० = ३ पाहून आपलं कुठे चुकलं ते शोधत बसतो.

दहाही जोड्यांची उत्तरं अशी येतात:

जमीन–मजुरी: (४, ६)
जमीन–भांडवल: (५, ५)
जमीन–रोप: (२, ८)
जमीन–अक्ष: (१०, ०)
मजुरी–भांडवल: (१०, ३)
मजुरी–रोप: (२, ७)
मजुरी–अक्ष: (१६, ०)
भांडवल–रोप: (२, ६.२)
भांडवल–अक्ष: (१७.५, ०)
रोप–अक्ष: (२, ०)

अपूर्णांक आला तर तो अपूर्णांकातच ठेवा. इथे ३१/५ म्हणजे नेमके ६.२, म्हणून दशांश चालला. पण १/३ चे ०.३३ केले की पुढच्या पायरीत आपल्याच रेषेवरचा बिंदू रेषेबाहेर पडलेला दिसतो.

गाळणी: इथे घाई केली की सगळं पाणी

आत्तापर्यंत मिळालेले दहा बिंदू म्हणजे दहा कोपरे नव्हेत. समांतर नसलेल्या दोन रेषा कुठेतरी छेदणारच. त्या छेदनबिंदूवर बाकीच्या तीन मर्यादा पाळल्या जातात की नाही, याबद्दल ती जोडी काहीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक बिंदू बाकीच्या प्रत्येक मर्यादेत घालून पाहायचा. शेजारच्या एकाच नाही, सगळ्या.

तपासणी लहान केलेल्या समीकरणात करू नका, मूळ मर्यादेत करा. ६०x + १५०y ≤ १०५० मध्ये बिंदू घाला, २x + ५y ≤ ३५ मध्ये नको. भागताना चूक झाली असेल तर ती इथे पकडली जाते. लहान रूपातच तपासलं तर चुकीचं समीकरण स्वतःच स्वतःला बरोबर म्हणतं.

(४, ६) घेऊ. जमीन आणि मजुरीवर तो आहेच, रोपाची अट पाळतो, y उणे नाही. भांडवल: ६०×४ + १५०×६ = २४० + ९०० = ११४०. मर्यादा १०५० ची, म्हणजे ९० हजार कमी पडतात. बिंदू बाद.

हाच बिंदू आलेखावर का सुटतो ते पाहा. १ सेंमी = १ एकर प्रमाण घेतलं तर (४, ६) भांडवलाच्या रेषेपासून जेमतेम अर्धा सेंटीमीटर बाहेर आहे. पेन्सिल जरा जाड असली किंवा शेडिंग घाईत केलं की तो आतलाच वाटतो. वर तो जमीन आणि मजुरी या दोन ठळक रेषांचा छेद, त्यामुळे नजर तिथेच जाते.

आणि नुकसान केवढं? त्या बिंदूवर नफा ५०×४ + ८०×६ = ६८० हजार येतो, तर या गणितात मिळू शकणारा खरा जास्तीत जास्त नफा ६५० हजार आहे. गाळणी न करणारा ६ लाख ८० हजार लिहून मोकळा होतो, आणि शेतकऱ्याचे पैसे टोमॅटोची बांधणी अर्धवट असताना संपतात. एवढंच नाही, इथे बाद होणारे सहाही बिंदू ६५० पेक्षा जास्त नफा दाखवतात. सगळ्यात वाईट (१७.५, ०), नफा ८७५ हजार, पण जमीन मात्र दहाच एकर. यात आश्चर्य नाही. नफा वाढवायचा असतो तेव्हा मर्यादा मोडून पुढे गेलेला बिंदूच आकर्षक दिसतो. म्हणूनच नफ्याचं सूत्र गाळणीआधी लावू नका. एकदा मोठा आकडा डोळ्यासमोर आला की त्या बिंदूला बाद करायला हात धजत नाही.

बाकीचे झटपट. (२, ८) मजुरीत मोडतो, ७२० मजूर-दिवस लागतात. (१०, ३) ला तेरा एकर जमीन हवी. (२, ७) जमीन आणि मजुरी दोन्ही पाळतो, पण भांडवल ११७० लागतं. (१६, ०) आणि (१७.५, ०) जमिनीतच मोडतात. एक मर्यादा मोडली की तो बिंदू तिथेच सोडायचा, पुढची तपासणी करू नका. तपासणी पूर्ण करायची ती टिकणाऱ्या बिंदूंचीच.

टिकले चार: (५, ५), (१०, ०), (२, ६.२), (२, ०).

बरोबरी आली म्हणून बिंदू बाद करू नका. ≤ मध्ये बरोबरी धरलेली आहे. भांडवल १०५० ऐवजी ११४० हजार असतं तर (४, ६) नेमका रेषेवर बसला असता, आणि टिकला असता. तेव्हा जमीन–मजुरी, जमीन–भांडवल आणि मजुरी–भांडवल या तिन्ही जोड्यांतून (४, ६) च आला असता. तो एकदाच मोजायचा.

गाळणी बरोबर झाली का?

टिकलेला प्रत्येक कोपरा कोणत्या दोन रेषांवर आहे ते लिहा, मग रेषेगणिक मोजा. जमिनीच्या रेषेवर (५, ५) आणि (१०, ०). भांडवलावर (५, ५) आणि (२, ६.२). रोपावर (२, ६.२) आणि (२, ०). अक्षावर (२, ०) आणि (१०, ०). प्रत्येकीवर बरोबर दोन. बंदिस्त क्षेत्रात असंच असायला हवं, कारण प्रत्येक बाजूला दोन टोकं असतात. एखाद्या रेषेवर एकच कोपरा उरला, तर एकतर ती रेषा क्षेत्राला केवळ टोकावर स्पर्श करते, नाहीतर तुम्ही एक कोपरा चुकून बाद केला आहे. दुसरी शक्यता आधी तपासा.

मजुरीच्या रेषेवर एकही कोपरा नाही. ही चूक नव्हे. उरलेल्या क्षेत्रात मजुरी सगळ्यात जास्त लागते ती (५, ५) ला, ६०० मजूर-दिवस, म्हणजे ६४० ची मर्यादा इथे कधीच आड येत नाही. ती काढून टाकली तरी क्षेत्र तसूभरही बदलणार नाही. चार बाजूंच्या आकृतीला चार कोपरे, हिशेब जुळला.

नफा लावा

(५, ५): ६५०. (१०, ०): ५००. (२, ६.२): ५९६. (२, ०): १००.

पाच एकर कांदा, पाच एकर टोमॅटो, नफा ६ लाख ५० हजार. जमीन आणि भांडवल पूर्ण वापरलं जातं, ४० मजूर-दिवस शिल्लक राहतात.