सोसायटीचं बजेट कमिटीकडे पाठवण्याआधी: सेलचे रंग आणि स्टाईल

मार्च उजाडला की सोसायटीच्या पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची एक्सेल फाईल फिरू लागते. विजेची आणि पाण्याची बिलं मॅनेजर भरतो, वार्षिक करारांच्या रकमा सचिव टाकतात, आणि शेवटी दर ठरवायला ती खजिनदारांकडे येते. तीन-चार हात लागणाऱ्या या फाईलमध्ये कुठे लिहायचं आणि कुठे बोट लावायचं नाही, हे न विचारता कळायला हवं. ती तयारी फाईल शेअर करण्याआधी करावी लागते, नंतर जमत नाही.

पहिलं काम रंगाचं नाही, आकडे वेगळे करण्याचं आहे. ४८ फ्लॅटची सोसायटी घ्या. जमीन सोडून बांधकामाचा खर्च ९ कोटी ६० लाख. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, म्हणजे २,४०,००० रुपये. दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, म्हणजे ७,२०,०००. बहुतेक फायलींत हा हिशोब असा लिहिलेला सापडतो:

```
=C4*0.0025
```

इथे टक्केवारी फॉर्म्युल्याच्या पोटात दडली आहे. हा सेल भरायचा की हिशोबाचा? दोन्ही, आणि म्हणून कुठलाही रंग दिला तरी चुकीचाच. सर्वसाधारण सभेने दर वाढवायचं ठरवलं तर तो नेमका कुठे बदलायचा, हे फाईल बनवणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून ०.२५% हा आकडा `C5` मध्ये स्वतंत्र लिहा, शेजारी ‘सिंकिंग फंडाचा दर’ असं नाव द्या, आणि फॉर्म्युला `=C4*C5` करा. फ्लॅटची संख्या, वीजदरातली अपेक्षित वाढ, सुरक्षारक्षकांचा मासिक दर, सगळ्यांना हेच लागू. हे झाल्यावर फाईलमधला प्रत्येक आकडा तीनपैकी एकाच जातीचा उरतो: माणसाने भरलेला, फॉर्म्युल्याने आलेला किंवा बेरीज.

आता स्टाईल. रंगाची बादली घेऊन सेल हाताने रंगवू नका. डेस्कटॉपवरच्या एक्सेलमध्ये `Home` खाली `Cell Styles` आहे, तिथे `New Cell Style` मधून तीन स्टाईल बनवा आणि नावं मराठीतच द्या: ‘भरायचे’, ‘हिशोब’, ‘बेरीज’. तयार `Input`, `Calculation` आणि `Total` स्टाईलही तिथे आहेत. पण तयार `Input` ची नारिंगी आणि `Calculation` ची राखाडी झेरॉक्सवर एकमेकींत मिसळतात, आणि सोसायटीचं बजेट शेवटी सभेत कागदावरच वाटलं जातं. माझ्या मते रंग फक्त भरायच्या सेलला द्यावा: फिकट पिवळी पार्श्वभूमी आणि निळे आकडे. हिशोबाचे आकडे काळे, पार्श्वभूमी कोरी. बेरीज ठळक, वर एक रेघ आणि खाली दुहेरी रेघ, म्हणजे कृष्णधवल प्रिंटमध्येही ती ओळखू येते. लाल-हिरव्याची जोडी टाळा. अनेक पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, आणि कमिटीत असा एखादा सदस्य सहज असू शकतो.

स्टाईल बनवताना `Format` दाबल्यावर शेवटी `Protection` हा टॅब दिसतो, तो सोडू नका. एक्सेलमधला प्रत्येक सेल मुळात `Locked` असतो, फक्त शीटला संरक्षण दिल्याशिवाय त्याचा परिणाम दिसत नाही. ‘भरायचे’ या स्टाईलमध्ये `Locked` ची खूण काढा, उरलेल्या दोघींत ठेवा. मग `Review` मधून `Protect Sheet` लावलं की पिवळे सेल तेवढे उघडे राहतात आणि टॅब दाबत गेलं की कर्सर एका पिवळ्या सेलवरून पुढच्या पिवळ्या सेलवर जातो. `Format cells` ची परवानगी देऊ नका, नाहीतर पंधरवड्यात कुणीतरी ‘महत्त्वाचं’ म्हणून गुलाबी रंग आणतो. `Insert rows` ची परवानगी दिल्याशिवाय संरक्षित शीटमध्ये नवी ओळही घालता येत नाही, त्यामुळे प्रत्येक खर्च-गटात दोन-तीन रिकाम्या पिवळ्या ओळी आधीच ठेवा आणि बेरजेचा पल्ला त्यांच्यासकट घ्या.

फाईल कमिटीत गुगल शीट्सवर उघडली जाणार असेल तर तिथे अशा नावाच्या सेल स्टाईल नाहीत. रंग दिसतील, पण एका जागी बदलून सगळीकडे बदलण्याची सोय जाईल. म्हणून मूळ फाईल कुठल्या प्रोग्रॅममध्ये राहणार, हे आधी ठरवून टाका.

यानंतर ज्या चुकीचा सर्वांत जास्त धोका आहे तिची तपासणी. रंग फक्त सांगतो की हा सेल काय असायला हवा. आत खरंच काय आहे, ते एक्सेल त्या रंगाशी ताडून पाहत नाही. समजा संरक्षण लावण्याआधी कुणीतरी सिंकिंग फंडाच्या सेलमध्ये ‘राउंड फिगर’ म्हणून २,५०,००० टाइप केले. आकडे तसेच काळे दिसणार, बेरीजही बिनतक्रार होणार. मग आर्किटेक्टकडून बांधकाम खर्चाचा सुधारित आकडा आला आणि `C4` बदलला, की दुरुस्ती निधी हलतो, सिंकिंग फंड जागेवरच राहतो. दोन निधींचं गुणोत्तर एकास तीन असायला हवं, ते बिघडलेलं दिसलं तरच कुणाच्या लक्षात येणार.

हे पकडायला शीटचं संरक्षण लावलेलं असेल तर ते तात्पुरतं काढा, हिशोबाचा पट्टा निवडा, `Ctrl+G` दाबून `Special` मध्ये जा, `Constants` निवडा आणि त्याखाली फक्त `Numbers` ठेवा. टाइप केलेले सगळे आकडे निवडले जातात. तिथे एकही सेल निघायला नको. कायमचा पहारा हवा असेल तर त्याच पट्ट्यावर, तो `D5` पासून सुरू होत असेल तर, कंडिशनल फॉरमॅटिंगचा हा नियम ठेवा:

```
=AND(D5<>"",NOT(ISFORMULA(D5)))
```

आणि त्याला जाड तिरप्या अक्षरांसोबत गडद भरणी द्या. हा नियम स्टाईलच्या वर दिसतो, त्यामुळे फॉर्म्युल्याच्या जागी आकडा टाइप झाला की सेल लगेच वेगळा उठून दिसतो. एक मर्यादा आहे: `=240000+10000` असं कुणी लिहिलं तर एक्सेलच्या लेखी तो फॉर्म्युलाच. असे सेल शोधायला `Ctrl` आणि बॅकटिक दाबून सगळे फॉर्म्युले उघडे करा आणि डोळ्यांखालून घाला.

फाईल पाठवताना मॅनेजरला एक गोष्ट स्वतः दाखवा, नुसती सांगू नका. विजेचे आकडे तो दुसऱ्या फाईलमधून कॉपी करणार. साधं `Ctrl+V` केलं की आकड्याबरोबर तिथलं फॉरमॅटही येतं, पिवळा रंग जातो. वर तिथला `Locked` गुणही येतो, म्हणजे तो सेल लॉक होतो आणि चुकलेला आकडा त्यालाच दुरुस्त करता येत नाही. मग ‘फाईल खराब झाली’ म्हणून फोन येतो. `Paste Special` मधून `Values` निवडायची सवय त्याला समोर बसवून लावा.

पहिल्या शीटच्या डोक्यावर तीन सेलची छोटी सूची ठेवा: त्याच तीन स्टाईल लावलेल्या, प्रत्येकीत तिचं नाव. स्टाईल पुढे बदलली तर सूचीही आपोआप बदलते. संरक्षणाचा पासवर्ड खजिनदार आणि सचिव या दोघांकडे असू द्या, म्हणजे कमिटी बदलली तरी पुढच्या मार्चमध्ये फाईल उघडता येईल.