ट्यूबलाइटखाली चेहऱ्यांवर येणारी हिरवट झाक: माझा अनुभव

रत्नागिरीजवळच्या एका शाळेत, पावसाळी अंधारामुळे ट्यूबलाइट लावून काढलेल्या वर्गाच्या फोटोंत सगळ्या मुलांचे चेहरे हिरवट दिसत होते. रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सने रंग दर फोटोला बदलला, तर कॅमेऱ्यातील रंग-तापमानाचा केल्विन आकडा कमी केल्याने चेहरे निळसर झाले, हिरवेपणा मात्र तसाच राहिला. दोन दिवस यात गेल्याने मी अगदी हताश झालो होतो.

खरी अडचण शटरची होती. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते आणि तिचा रंगही त्याबरोबर बदलतो. त्यामुळे १/२०० सेकंदाच्या शटरला प्रत्येक फोटोत वेगळा रंग येतो.

म्हणून मी आधी शटर १/५० सेकंदावर आणले, म्हणजे प्रत्येक फोटोत असे दोन पूर्ण चढउतार येतात. मग खिडक्या बंद करून, मुले बसतात तिथेच रंग जुळवण्यासाठीचे करडे ग्रे कार्ड धरून त्याचा फोटो काढला आणि कॅमेऱ्यात त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स ठरवला. उरलेली किंचित झाक रॉ फाइलमध्ये हिरवा-मॅजेंटा तोल बदलणारा टिंटचा स्लायडर मॅजेंटाकडे सरकवून गेली, कारण हिरव्याचा उतारा केल्विनमध्ये नसून टिंटमध्ये असतो. खिडकी उघडी राहिल्यास मात्र उजेडाकडचा गाल गुलाबी पडतो.