पहिला शोधसारांश: अडीचशे शब्द, तीन पत्ते आणि शेवरीचं कुंपण

परिषदेचं पत्रक हाती आलं की नवशिक्या विद्यार्थी आधी सारांश लिहायला घेतो. आधी सूचना वाचा. सारांशाची भाषा कोणती, फॉन्ट कोणता, शब्द किती, आणि त्या शब्दांत शीर्षक व बीजशब्द धरले आहेत का, एवढं कागदावर टिपून ठेवा. बहुतेक ठिकाणी शीर्षक, लेखक आणि पत्ते मर्यादेबाहेर असतात, पण काही परिषदा शीर्षकही मोजतात.

एक नमुना घेऊ (आकडे माझे, समजण्यापुरते). एम.ए. भूगोलाच्या विद्यार्थिनीने रावेर तालुक्यातल्या 40 केळीबागा पाहिल्या. 20 बागांना शेवरीचं कुंपण होतं, 20 उघड्या होत्या. वादळी वाऱ्यानंतर प्रत्येक बागेत किती झाडं आडवी झाली ते तिने मोजलं. सारांश भरला 318 शब्दांचा आणि मर्यादा 250 ची. पहिलं वाक्य असं होतं:

"महाराष्ट्र राज्यातील जळगाव जिल्हा हा केळी उत्पादनासाठी संपूर्ण भारतात प्रसिद्ध असून येथील शेतकरी मोठ्या प्रमाणावर केळीची लागवड करतात."

अठरा शब्द खर्च झाले आणि कळलं काय, तर जळगावात केळी होते! त्याऐवजी:

"रावेर तालुक्यात वादळी वाऱ्याने केळीची झाडे दरवर्षी आडवी होतात."

नऊ शब्द, आणि प्रश्न समोर आला. प्रस्तावना अशी निम्म्यावर आणायची. कात्री आधी तिथेच चालवा, निष्कर्षावर नको. तिचा निष्कर्ष होता, "दोन्ही गटांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळून आला." हे सात शब्द वाचून परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. तिथे मी शब्द वाढवायला लावले: "शेवरी असलेल्या बागांत 100 पैकी 9 झाडे पडली, नसलेल्यांत 21." तीन शब्द जास्त गेले, पण सारांश त्या तिनांवरच उभा राहिला. उरलेली काटछाट "करण्यात आलेली आहे", "दिसून येते की", "या ठिकाणी" अशा शेपट्यांतून निघते. "सर्वेक्षण करण्यात आलेले आहे" ऐवजी "सर्वेक्षण केले" लिहिलं की चाराचे दोन होतात.

शब्दमोजणीत एक गंमत आहे. वर्डसारखा प्रोग्रॅम दोन मोकळ्या जागांमधल्या प्रत्येक तुकड्याला शब्द मानतो. "जुलै - ऑगस्ट" मधली एकटी रेघही त्यामुळे शब्द ठरते, "जुलै-ऑगस्ट" मात्र एकच. विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवूनच लिहा, "बागे मध्ये" असं तोडलं की फुकटचे शब्द वाढतात. शेवटी ऑनलाइन अर्जातला मोजणीचा आकडाच खरा, म्हणून सारांश तिथे चिकटवून पाहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी तिथे चिकटवलं की ABC सारखी विचित्र अक्षरं उमटतात. सुरुवातीपासून युनिकोडच वापरा.

आता पत्ते. पत्ता म्हणजे घरचा नव्हे, काम ज्या संस्थेत झालं तिचा: विभाग, महाविद्यालय, गाव, जिल्हा. नावापुढे वर छोटा 1, 2 आणि खाली त्याच आकड्याने संस्था. पत्रव्यवहार ज्याच्याशी करायचा त्याच्या नावावर तारा. या विद्यार्थिनीचे मार्गदर्शक मध्येच दुसऱ्या महाविद्यालयात गेले होते. काम जुन्या ठिकाणी झालं, म्हणून तोच पत्ता ठेवला आणि नवा "सध्याचा पत्ता" म्हणून जोडला.

खरा घोटाळा संस्थेच्या नावाचा. आपल्याकडे सगळे "उमवि" म्हणतात, पण 2018 पासून विद्यापीठाचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव असं आहे. एका सहलेखकाने पूर्ण नाव लिहिलं आणि दुसऱ्याने जुनं, तर अर्ज त्यांना दोन संस्था समजून 1 आणि 2 असे वेगळे क्रमांक देऊ शकतो. सर्व लेखकांचे पत्ते एकाच माणसाने, एकाच मजकुरातून चिकटवावेत. लेखकांचा क्रमही त्याच वेळी सगळ्यांकडून कळवून घ्या, नंतर होणारी कुरबुर टळते.

बीजशब्द चार-पाच पुरेत. शीर्षकातले शब्द परत देऊ नका, ते तसेही शोधात सापडतात. शीर्षकात केळी, शेवरी, रावेर असतील तर बीजशब्दांत "वारारोधक, खोड मोडणे, जैविक कुंपण, खानदेश" असं द्या. "शेती", "शेतकरी", "महाराष्ट्र" याने काही साधत नाही, उलट सारांश भलत्याच विषयाच्या परीक्षकाकडे जाण्याची भीती. शब्दांमध्ये स्वल्पविराम की अर्धविराम, तेही सूचनांतच असतं.

परीक्षकांपासून लेखकांची नावं लपवायची असतील तर मजकुरात "आमच्या महाविद्यालयाने" सुद्धा नको, आणि फाइलच्या नावात आडनाव नको.

पाठवण्याचं काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. पाठवल्यावर आलेल्या मेलमधला नोंदणी क्रमांक वहीत उतरवा आणि सादरकर्ता म्हणून कोणाचं नाव गेलंय ते त्याच मेलमध्ये बघा. या मुलीच्या वेळी तिथे मार्गदर्शकांचं नाव गेलं होतं, आणि मुदत संपायच्या आत ते बदलता आलं.