टायट्रेशनची प्रात्यक्षिक परीक्षा: दोन परीक्षक, एकच गुण

बारावीचे पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अॅसिडचे टायट्रेशन घेऊ. द्रावणे, ब्युरेट, पांढरी टाइल यांची तयारी नेहमीचीच. परमँगनेटची तीव्रता ठेवल्या ठेवल्या बदलते, म्हणून परीक्षेच्या सकाळी त्याच बाटल्यांतून परीक्षकाने स्वतः वाचन घ्यावे आणि विद्यार्थ्याचे उत्तर त्याच्याशीच ताडावे. फरक 0.2 मिलीपर्यंत असेल तर पूर्ण गुण, 0.5 पर्यंत निम्मे.

खरी अडचण कौशल्याच्या गुणांची. ‘उत्तम, चांगले, बरे’ असा तक्ता छापणे म्हणजे काहीच न छापणे. एकाचे ‘चांगले’ दुसऱ्याचे ‘बरे’ असते. प्रत्येक पातळीत डोळ्यांना दिसेल तेवढेच लिहा. एंड पॉइंटसाठी असे:

3 – तिन्ही वेळा फिकट गुलाबी रंग, 30 सेकंद टिकलेला.
2 – एकदा रंग गडद झाला, पण विद्यार्थ्याने स्वतःहून ते वाचन रद्द केले.
1 – गडद रंगाचे वाचनही धरले.
0 – फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तरी टायट्रेशन चालूच. (सल्फ्युरिक अॅसिड कमी पडले किंवा द्रावण नीट गरम नसताना परमँगनेट भराभर सोडले, की हे होते.)

गुलाबी रंग हळूहळू उडतो, कारण जास्तीच्या परमँगनेटची तिथल्याच मँगनीज आयनांशी अभिक्रिया होत राहते. त्यामुळे फ्लास्क नंतर पाहण्यात अर्थ नाही. एंड पॉइंट आला की विद्यार्थ्याने हात वर करायचा, दोन्ही परीक्षकांनी तेव्हाच पाहायचे आणि एकमेकांच्या कागदावर नजर न टाकता गुण लिहायचे. एका वेळी चारच विद्यार्थी ठेवा. कौशल्याचे गुण लिहून झाल्याशिवाय आकडेमोड बघू नका, नाहीतर बरोबर उत्तर आलेल्याचा हातही सफाईदार वाटू लागतो.

हा तक्ता आधी सराव परीक्षेत तपासा, आणि ‘80 टक्के गुण जुळले’ एवढ्यावर खूश होऊ नका. समजा 20 विद्यार्थी आहेत आणि पाहायचे एवढेच, की 3 मिळाले की नाही. 14 जणांना दोघांनीही 3 दिले, दोघांना दोघांनीही दिले नाहीत, चौघांवर मतभेद झाले, दोन इकडे, दोन तिकडे. जुळणी 0.80. पण प्रत्येक परीक्षकाने 16 जणांना 3 दिले आहेत. म्हणजे डोळे मिटून वाटले असते तरी 0.8 × 0.8 + 0.2 × 0.2, अर्थात 0.68 इतकी जुळणी झालीच असती. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला ‘कप्पा’ नावाचा जुळणीचा निर्देशांक हा योगायोग वजा करतो: (0.80 − 0.68) ÷ (1 − 0.68) = 0.375. परीक्षेसाठी हे तोकडे आहे, 0.7 च्या आत समाधान मानू नये.

कप्पा कमी आला की परीक्षकांना ‘सांभाळून घ्या’ म्हणू नका. मतभेदाचे चारही कागद समोर ठेवा. बहुतेकदा भांडण एकाच शब्दावर निघते, इथे ‘फिकट’वर. मग नमुना म्हणून 100 मिली पाण्यात परमँगनेटचा एक थेंब टाकून तो फ्लास्क टाइलवर ठेवा. त्याहून गडद ते सगळे गडद. नमुना दर तुकडीला नवा करा.